परतीची ओळ

चष्म्याच्या दुकानात, काचा नसलेली फ्रेम नाकावर चढवून ती आरशात बघत होती, तेव्हा तिला आपला अंतरा ऐकू आला नाही. गाणं मात्र ऐकू येत होतं. छताजवळच्या लहानशा स्पीकरमधून, ढोलाच्या ठोक्यांनी ठोकून ठोकून सपाट केलेलं, पण तेच. ‘दार लोटले मी, कडी लावली नाही, वाट कुणाची ते, विचारू नको काही.’ काउंटरमागची मुलगी फडक्यानं काचा पुसता पुसता सोबत गुणगुणत होती. पुढचा वाद्यमेळ सुरू झाला, तसे आरशासमोर तिनं सवयीनं कान टवकारले. त्या वाद्यमेळानंतर काय येतं ते जगात तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. पण वाद्यं थांबली आणि पुन्हा ‘दार लोटले मी’. पुन्हा ठोके, पुन्हा दार. तीन वेळा दार लोटलं गेलं आणि गाणं संपलं. ‘ही फ्रेम बरी दिसते का तुम्हाला, काकू?’ मुलीनं विचारलं. ‘या गाण्याला अंतरा नाही का?’ ती म्हणाली. मुलगी हसली. ‘मला एवढंच येतं. एवढंच असतं ना?’ तिनं फ्रेम काढून ठेवली, पुन्हा येते म्हणाली आणि बाहेर फुटपाथवर येऊन उगाचच दोन चौक चालत गेली. आपल्याला कसला राग आलाय ते तिला कळेना. गाणं नवऱ्याचं होतं. निदान सगळीकडे तसंच छापलेलं होतं.

वजनमाप खात्यात तिनं एकतीस वर्षं काढली होती. दुकानादुकानांतून फिरायचं, पितळी वजनं ताजव्यात घालायची, झिजलेली जप्त करायची, बरोबर असतील त्यांच्यावर शिक्का मारायचा. लग्न झालं तेव्हा नवरा एका वर्तमानपत्रात जाहिराती लिहीत होता आणि गाणी लिहिण्याचं स्वप्न बघत होता. पहिली ओळ सुचणं हा त्याचा गुण होता, आणि तो खरा गुण होता. हे ती आज रागातही नाकारू शकत नव्हती. दाढी करताना, बसची वाट बघताना, कोणाच्या मयताला उभा असतानासुद्धा त्याला अशी एक ओळ सुचायची की ऐकणाऱ्याला वाटावं, अरे, हे तर आपण रोज म्हणतो. ‘कडी लावली नाही’ हे कुठल्या बाईनं कधी म्हटलं नसेल? पण ती एक ओळ, फार तर तिची जोडीदारीण, एवढं झालं की तो संपायचा. कागदावर मुखडा लिहायचा, खाली रेघ मारायचा, ‘अंतरा १’ असं लिहायचा आणि पेन चावत बसायचा. लग्नानंतरच्या चौथ्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, ती तांदूळ निवडत होती आणि तो समोर तिसऱ्या दिवशी त्याच रेघेखाली बसला होता. संगीतकाराचा निरोप दोनदा येऊन गेला होता. ‘या बाईला पुढे बोलायचंच नाही,’ तो वैतागून म्हणाला. ‘दार लोटलं, संपलं. आता काय सांगू?’ तिनं मान वर न करता म्हटलं, ‘आत काय चाललंय ते सांगा ना. कप मांडले असतील. दोन मांडले असतील आणि एक मागे घेतला असेल.’ तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं कागद तिच्याकडे सरकवला, आणि ताटातल्या तांदळासकट ती तिथेच बसून राहिली.

ते सगळं ती तासाभरात शिकली. म्हणजे शिकली असं नाही, तिला ते वजनासारखं हाताला लागलं. चाल आधीच तयार होती. संगीतकारानं ‘ता रा रा’ करून कॅसेटवर गाऊन दिली होती. त्या ‘ता रा रा’लाच ते लोक मीटर म्हणत. किती अक्षरं, कुठे तोकडी, कुठे लांबवायची, सगळं आधी ठरलेलं. मुखडा मधल्या सुरांत फिरत होता, घरातल्या घरात वावरावं तसा, आणि ‘कडी’ हा शब्द बरोबर समेवर पडत होता, म्हणून तो मनात राहत होता. अंतरा मात्र वर चढत होता, थेट वरच्या षड्जापर्यंत. तिथे गायिका थांबणार, म्हणजे तिथे तोंड उघडं राहील असाच स्वर हवा. तिनं लिहिलं, ‘दोन कप मांडले, एक मागे घेतला, वाजला जिना अन्, श्वास माझा थांबला.’ ‘श्वास’मधला ‘आ’ वरच्या सुरावर अलगद बसला. दोन्ही ओळींचं यमक आपापसातलं. मुखड्याच्या यमकाशी त्यांचं काही नातं नाही, कारण अंतऱ्यात घराबाहेर पडायचं असतं, नवं काही बघायचं असतं. पण तिसरी ओळ वेगळी. ती परतीची. काहीजण तिला क्रॉस लाइन म्हणतात. तिची लांबी मुखड्याच्या ओळीइतकीच हवी, चाल वरून उतरून मुखडा जिथून सुरू होतो त्या सुराशी आली पाहिजे, यमक मुखड्याशी जुळलं पाहिजे, आणि सगळ्यात अवघड म्हणजे अर्थ थोडा उघडा राहिला पाहिजे. जणू प्रश्न विचारलाय आणि मुखडा हे त्याचं उत्तर आहे. ‘कोण येत होते, मी पाहिलेच नाही.’ आणि लगेच, ‘दार लोटले मी, कडी लावली नाही.’ नवऱ्यानं ते गाऊन बघितलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. तिच्याही. मुखड्याचे शब्द तेच होते, पण पहिल्यांदा म्हटले तेव्हा ती बाई लाडात होती आणि आता ती घाबरलेली होती. दुसऱ्या अंतऱ्यात तर तिनं त्या बाईला घराबाहेरच काढलं. उंबऱ्यावर चपला घालून, मागे न बघता. मग शेवटचं ‘कडी लावली नाही’ म्हणजे वाट बघणं नव्हे, निघून जाणं. एकच ओळ तीनदा, आणि तीन बायका. एवढं तिनं साधलं होतं त्या सकाळी. आता चष्म्याच्या दुकानात त्यातली पहिलीच बाई तीनदा येत होती, आणि मुलगी म्हणत होती, एवढंच असतं ना.

त्यानंतर तशी वहिवाटच पडली. मुखडा त्याचा, अंतरे तिचे. मराठी असो, पुढे हिंदी असो. हिंदीसाठी तिनं दोन वर्षं शिकवणी लावली होती, कामावरून सुटल्यावर. नाव अर्थातच एकाचं. पहिल्यांदा तिलाच संकोच वाटला होता. सरकारी नोकरी, परवानगी काढा, कोण त्या भानगडीत पडणार. नंतर कोणी विचारलं नाही आणि मग विचारण्यासारखं काही उरलं नाही. तो वाईट नव्हता. तिच्या आजारपणात त्यानं मुलीला न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, स्वयंपाक केला. दारूबिरू नाही, बाहेरचं काही नाही. फक्त मुलाखतीत तो अंतऱ्याबद्दल फार सुंदर बोलायचा. ‘मुखडा म्हणजे घर, अंतरा म्हणजे प्रवास, आणि प्रवासाला अर्थ असतो तो परतण्यामुळे.’ हे वाक्य तिनं एकदा भाजी चिरताना म्हटलं होतं. सभागृहात टाळ्या पडल्या तेव्हा ती तिसऱ्या रांगेत होती आणि शेजारची बाई तिच्याकडे वळून म्हणाली होती, ‘किती भाग्यवान हो तुम्ही!’ तिनं मान डोलावली होती. तिला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. 

चष्म्याच्या दुकानातून ती घरी आली तेव्हा बाहेरच्या खोलीत संगीतकार बसला होता, जुन्या गाण्याचा नव्हे, नव्या पिढीतला. चाळिशीचा माणूस, पाठदुखीमुळे कायम ताठ बसणारा. पेटी मांडीवर न घेता टेबलावर ठेवून वाजवायचा. ‘या वहिनी. सरांनी मुखडा असा दिलाय, की बस्स!’ नवरा पाय हलवत होता. खूश असला की तो पाय हलवायचा. सहा वर्षांत त्याला नवं काम आलं नव्हतं, आणि आता जुनं गाणं ठोक्यांसकट पुन्हा वाजू लागल्यावर लोकांना तो जिवंत असल्याचं आठवलं होतं. मुखडा होता, ‘भास तुझा होतो आहे, परी तू येथे नाही.’ ती ओळ ऐकून तिला धक्का बसला. वाईट म्हणून नव्हे, दमलेली म्हणून. तिथेही तोच ‘नाही’. चाल मात्र नवी होती, चांगली होती. संगीतकार निघाला तेव्हा नवऱ्यानं नेहमीच्या पद्धतीनं म्हटलं, ‘अंतरे परवा देतो. थोडं मुरू दे.’ आणि दार लागल्यावर कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून तिला म्हणाला, ‘बघ गं जरा.’

‘आपल्या गाण्यातले अंतरे काढून टाकलेत,’ ती म्हणाली.

‘ऐकलं मी. आता तसंच करतात. लोकांना वेळ कुठाय? पण मुखडा ठेवलाय ना! मुखड्यावरच गाणं उभं असतं.’

‘आणि अंतरा?’

‘अंतरा हवाच गं. तू मनाला कशाला लावून घेतेस?’ तो टॉवेल घेऊन अंघोळीला गेला, आणि बंद दाराआडून नवा मुखडा गाऊ लागला.

ती कागदासमोर बसली. आतापर्यंत ती बसायची तेव्हा आधी मुखड्यात शिरायची. त्यात कोणत्या खिडक्या आहेत, कुठून बाहेर पडता येईल, हे बघायची. त्या दिवशी तिला त्यात शिरावंसंच वाटेना. तिनं आयुष्यभर केलं होतं काय? वर चढायचं, तिकडे चार घटका उभं राहायचं, आणि ज्या क्षणी काही दिसायला लागेल त्या क्षणी उतरून त्याच्या दाराशी यायचं. तेही असं की त्याचंच दार नवं वाटावं. त्याची ओळ प्रत्येक वेळी अधिक शहाणी होऊन परत यायची, आणि ते शहाणपण कुठून आलं हे कोणी विचारायचं नाही. कारण लोक गुणगुणतात ते जे परत येतं ते. जे एकदाच येऊन जातं ते नव्हे. ती लिहायला लागली. अंतऱ्याच्या वरच्या ओळी नेहमीसारख्या सहज आल्या, आरशात आपला चेहरा न सापडणाऱ्या बाईच्या. मग परतीच्या ओळीशी ती थांबली. ‘ग्वाही’ होतं, ‘दिशा दाही’ होतं, ‘तरीही’ होतं. डझनभर परतीचे रस्ते तिच्या हाताशी होते. तिनं मीटर अगदी काटेकोर पाळलं, मुखड्याच्या ओळीइतक्याच मात्रा, कणभर कमी नाही की जास्त नाही, आणि लिहिलं, ‘नाव तुझे घेता घेता, माझे राहून गेले.’ यमक नाही. उघडा राहिलेला अर्थ नाही. ओळ उतरत होती आणि बसत होती, संपत होती. यानंतर ‘भास तुझा होतो आहे’ कसं म्हणणार? म्हणून बघा, तिनं मनात म्हटलं. म्हणून बघाच. वजनात खोट ठेवणाऱ्या दुकानदारांना तिनं एकतीस वर्षं पकडलं होतं. आपण पहिल्यांदाच मुद्दाम खोट ठेवली, या कल्पनेची तिला मजा वाटली. नवऱ्यानं कागद वाचला, ‘वा’ म्हणाला, स्वतःच्या अक्षरात उतरवला आणि पाठवून दिला. त्याला काही खटकलं नाही. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

दोन दिवसांनी संगीतकार स्वतःच आला, पेटी घेऊन. ‘सर, एक गोष्ट बोलायची आहे, रागावू नका.’ त्यानं अंतरा गायला, परतीच्या ओळीपर्यंत आला, मुखडा जोडला आणि थांबला. ‘बघा ना. तुमची ही ओळ खाली येऊन बसते. तिच्यानंतर मुखडा आला की निरोप घेऊन गेलेला पाहुणा छत्री विसरली म्हणून परत आल्यासारखा वाटतो.’ नवरा हसला नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आनंदानं एक पाऊल पुढे सरकली. सापडलं. कोणालातरी सापडलं. आता तो विचारेल, सर, असं कसं झालं? आणि मग— पण संगीतकार म्हणाला, ‘म्हणून मी काय केलं, माहितीये? ही ओळ मुखड्याच्याच मीटरमध्ये आहे. तेवढ्याच मात्रा, तीच चाल. मी तुमचा मुखडा काढला आणि हीच ओळ तिथे ठेवली.’ आणि त्यानं गायलं. ‘नाव तुझे घेता घेता, माझे राहून गेले.’ ‘नाव’ समेआधी उचललं आणि ‘माझे’ बरोबर समेवर पडलं. ‘सर, तीस वर्षांत अशी ओळ लिहिली नाहीत तुम्ही. हाच मुखडा. भासबीस विसरा. आता याला दोन नवे अंतरे द्या, म्हणजे झालं.’

नवऱ्यानं चष्मा काढून पुसला. मग त्याचा पाय हलायला लागला.

संगीतकार गेल्यावर ती म्हणाली, ‘ती ओळ माझी आहे.’

‘म्हणजे काय! आपलंच आहे सगळं.’

‘आपलं नाही. माझी आहे. माझं नाव लावा. शब्द, दोघांचे. एवढंच.’

त्याला तिचं म्हणणं कळलं होतं, हे तिनं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. आणि ती भीती इतकी उघडी होती की तिचीच मान खाली गेली. ‘आत्ता?’ तो हळूच म्हणाला. ‘या वयात? लोक विचारतील, मग आधीचं काय? काय सांगू मी त्यांना? तू काय सांगशील?’ या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे असायला हवं होतं. पण आधीचं म्हणजे तिसऱ्या रांगेत डोलावलेली मानही त्यातच होती, आणि शेजारणीला, मुलीला, स्वतःला वेळोवेळी सांगितलेलं सगळंच. तिचं गप्प राहणं त्यानं होकार म्हणून घेतलं, आणि जरा वेळानं कागद टेबलावर ठेवला. वर तिची ओळ, खाली रेघ, रेघेखाली ‘अंतरा १’. ‘बघ गं जरा,’ तो म्हणाला. पण या वेळी अगदी अजिजीनं.

ती सलग तीन दिवस सकाळी बसली. काही येईना. तिला आधी वाटलं, आपण हट्टानं लिहीत नाही. पण तसं नव्हतं. ती खरोखर प्रयत्न करत होती. दुसऱ्याच्या घरातून ती कुठेही जाऊ शकत होती. स्वतःच्या ओळीतून तिला बाहेरची वाट दिसत नव्हती. जे सांगायचं ते त्या एका ओळीत सांगून झालं होतं. आता काय सांगू? तिसऱ्या सकाळी तिच्या लक्षात आलं की तिच्या तोंडात पेनाचं टोपण आहे. इतकी वर्षं ती त्याला आतून थोडी तुच्छ लेखत आली होती, प्रेमानं का होईना. तेही आता गेलं. कागद परत करून ती म्हणाली, ‘मला जमत नाही. तुम्हीच लिहा.’

आणि त्यानं लिहिलं. दीड तासात. ‘चांदण्यात भिजलेली ती रात आठवते, हातामध्ये थरथरता तो हात आठवतो.’ त्यावर परतीची ओळ, ‘स्वप्न जुने डोळ्यांमधले, सारे वाहून गेले.’ ‘वाहून’ला ‘राहून’. यमक चोख, मीटर बरोबर. इतक्या वर्षांत तिचं बघून बघून त्याला सांधा जुळवणं आलं होतं. फक्त चांदण्यात काही दिसत नव्हतं, हात कोणाचाही होता, आणि परत आलेला मुखडा गेला होता तसाच परत येत होता, एका शब्दानंही शहाणा न होता. दुसरा अंतरा तर पहिल्याचीच सावली होता. तिला वाटलं, आता तरी. संगीतकाराचा कान तिखट आहे. छत्री विसरलेला पाहुणा त्यानं लगेच ओळखला होता. हे तो परत पाठवील.

ध्वनिमुद्रणाला ती गेली. नवऱ्यानंच आग्रह केला. काचेच्या या बाजूला पाच-सहा माणसं, पलीकडे गायिका कानाला हेडफोन लावून. गायिकेनं मुखडा म्हटला आणि यंत्रावर बसलेला माणूससुद्धा मान हलवू लागला. आपली ओळ अशी दुसऱ्याच्या गळ्यातून येताना ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं; ते तिला आवरता आलं नाही आणि आवरावंसंही वाटलं नाही. मग अंतरा. चांदणं, रात, हात. तिनं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कोणाच्या कपाळावर आठी नव्हती. सगळे सुखानं डोलत होते, आणि मुखडा परत आला तसे आणखी जोरात डोलले. मधल्या चहाच्या वेळी तिनं संगीतकाराला बाजूला गाठलं. आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, ‘अंतरे कसे वाटले तुम्हाला?’

‘अंतरे?’ तो कपात बिस्किट बुडवत म्हणाला. ‘छान आहेत की. सरांचे नेहमी असतात तसेच आहेत.’

‘नेहमीसारखेच?’

‘अगदी. सरांचा हात तीस वर्षांत बदलला नाही बघा. तुम्हाला काही वेगळं वाटलं का, वहिनी?’

तिला सांगता आलं असतं. तिच्या जिभेवर दोन कप होते, वाजलेला जिना होता, चपला घालून निघालेली बाई होती. पण ज्याला चांदण्यातला आणि त्या जिन्यातला फरक ऐकू आला नव्हता, त्याला काय सांगायचं? आणि त्याला आला नव्हता, तर मग कोणाला आला होता, कधी? तिनं शिक्के मारलेली सगळी वजनं कोणीतरी एकदम नदीत ओतावीत, तसं तिला झालं. ‘नाही हो,’ ती म्हणाली. ‘मला त्यातलं काय कळतं?’

काम संपल्यावर गायिका बाहेर आली. तिनं शब्दांचा कागद नवऱ्यापुढे धरला. तिला तो मुखडा सरांच्या हस्ताक्षरात हवा होता, खाली सहीसकट. ती तो घरी चौकटीत लावणार होती. कोणीतरी फोनवर फोटो काढायला पुढे झालं. नवऱ्यानं पेन उघडलं, चष्मा वर सरकवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘नाव तुझे घेता घेता,’ आणि थांबला. पेन कागदावर टेकलेलं राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. सगळे वाट बघत होते. मग त्यानं मान वळवून गर्दीत तिला शोधलं आणि म्हटलं, ‘पुढे काय गं?’

केवढा हशा पिकला. ‘सर, स्वतःचीच ओळ!’ संगीतकार पाठ धरून हसत होता, गायिका हसत होती. नवराही हसला, सगळ्यात मोठ्यानं. पण त्याचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते.

‘माझे,’ ती म्हणाली. हशा अजून ओसरला नव्हता, म्हणून तिला पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणावं लागलं. ‘माझे राहून गेले.’

‘हां,’ तो म्हणाला, आणि त्यानं तसं लिहिलं आणि खाली सही केली.